‘इंटरेस्ट ड्यू ०’ दिसतंय, मग थकबाकी वाढली कशी?

*गेल्या वर्षी १० जूनला मी मंगळसूत्र आणि दोन पाटल्या ठेवून बँकेतून २ लाखांचं गोल्ड लोन घेतलं. व्याज ९ टक्के, मुदत १२ महिने, हप्ता नाही, शेवटी एकदम भरायचं. १ फेब्रुवारीला १०,००० रुपये भरले, म्हणजे १,९०,००० राहिले असं मी धरून चालले होते. आता ॲपवर आउटस्टँडिंग २,०६,४०४ दिसतं आणि त्याच पानावर इंटरेस्ट ड्यू ०! १८ मेला शाखेत गेले तर म्हणाले, आज बंद करायचं असेल तर २,०७,२६९. काउंटरवर सांगतात, ‘रिन्यू करून टाका, एक रुपया भरायला नको, उलट वरून पैसे मिळतील.’ माझी सव्वा लाखाची भिशी ऑगस्टमध्ये आहे. बहिणीकडून उसने घेऊन सोनं सोडवू, की रिन्यू करू? बँक मला फसवते आहे का? खात्याचा उतारा सोबत जोडते आहे.*
*— एक वाचक, भांडुप*

नमस्कार,

तुम्ही उतारा जोडलात ते फार बरं झालं. तो ओळीओळीने तपासला. बँकेने आकारलेलं व्याज ठरलेल्या ९ टक्क्यांनुसारच आहे आणि ते तिन्ही आकडेही आपापल्या जागी बरोबर आहेत. काउंटरवर दिलेला सल्ला मात्र बरोबर नाही, त्याकडे पुढे येऊ. त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा: ‘हप्ता नाही’ याचा अर्थ ‘व्याज चढत नाही’ असा होत नाही.

तुम्ही घेतलंय त्याला बुलेट रिपेमेंट म्हणतात. मुद्दल आणि व्याज दोन्ही मुदतीच्या शेवटच्या दिवशी एकरकमी भरायचं. त्यामुळे १० जूनपर्यंत बँक तुमच्याकडे हप्ता मागू शकत नाही, आणि ॲपवरचं ‘इंटरेस्ट ड्यू ०’ एवढंच सांगतं की आजच्या तारखेला भरणं भाग असलेलं व्याज शून्य आहे. व्याज रोज साचतंच आहे. ते त्या रकान्यात दिसत नाही, कारण ते देय व्हायची तारीख अजून आलेली नाही. १० जून उजाडला की हाच शून्य एका दिवसात मोठा आकडा होईल. दर महिन्याला शून्य बघून लोक निर्धास्त राहतात आणि अकराव्या महिन्यात दचकतात. बुलेट कर्जात या रकान्यावर विसंबूच नका.

मग साचलेलं व्याज बघायचं कुठे? उताऱ्यात प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या तारखेला एक डेबिट नोंद आहे, तिच्यापुढे INT किंवा INTEREST असं काहीतरी लिहिलेलं असतं. तुमच्या बँकेत महिनाभर रोजच्या शिल्लक रकमेवर व्याज मोजतात आणि महिनाअखेरीस ते खात्यात चढवतात. पुढच्या महिन्याचं व्याज त्या वाढलेल्या रकमेवर लागतं. हिशेब घरी साध्या कॅल्क्युलेटरवर करता येतो: शिल्लक गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५.

पहिलीच नोंद पडताळून बघा. १० ते ३० जून हे २१ दिवस. २,००,००० × ०.०९ × २१ ÷ ३६५ = १,०३६. उताऱ्यात ३० जूनला हाच आकडा आहे आणि शिल्लक झाली २,०१,०३६. जुलैचे ३१ दिवस या नव्या शिलकेवर मोजले की येतात १,५३७. उताऱ्यातही तेच आहेत. असं करत करत ३१ जानेवारीला शिल्लक २,११,९४० झाली होती. म्हणजे तोपर्यंत ११,९४० रुपये व्याज चढलेलं होतं.

आता तुमचे १०,००० कुठे गेले ते दिसेल. १ फेब्रुवारीला ते जमा झाले तेव्हा २,११,९४० मधून वजा झाले आणि २,०१,९४० उरले. म्हणजे तुमची सगळी रक्कम व्याजातच गेली आणि तरीही १,९४० रुपये व्याज शिल्लकच राहिलं. मुद्दल एका रुपयानेही कमी झालं नाही. बहुतेक ठिकाणी भरलेली रक्कम आधी शुल्कात, मग व्याजात आणि त्यानंतर मुद्दलात वळते. हा क्रम तुमच्या करारात लिहिलेला असतो, तो एकदा वाचून घ्या. पैसे वाया मात्र गेले नाहीत. ते भरले नसते तर त्या १०,००० वरही आजपर्यंत व्याज चढलं असतं.

फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचं व्याज अनुक्रमे १,३९४, १,५५४ आणि १,५१६. ते मिळवलं की ३० एप्रिलची शिल्लक येते २,०६,४०४. तुमच्या ॲपवरचा आकडा हाच. म्हणजे मे महिन्यात तुम्ही कुठल्याही दिवशी ॲप उघडलंत तरी ते ३० एप्रिललाच थांबलेलं दिसेल. १ ते १७ मे या १७ दिवसांचं व्याज झालेलं आहे, पण अजून चढवलेलं नाही. ते मोजा: २,०६,४०४ × ०.०९ × १७ ÷ ३६५ = ८६५. २,०६,४०४ अधिक ८६५ म्हणजे २,०७,२६९. शाखेने सांगितलेला आकडा नेमका हाच आहे.

तेव्हा तुमच्या खात्यातल्या आउटस्टँडिंगमध्ये दोन गोष्टी आहेत: मूळ २ लाख मुद्दल आणि मागच्या महिनाअखेरपर्यंत चढलेलं, पण न भरलेलं ६,४०४ व्याज. खातं बंद करायची रक्कम हवी असेल तर त्यात चालू महिन्याचे दिवस मिळवायचे, सध्या रोजचे साधारण ५१ रुपये. म्हणून बंद करायला जाताना ॲपवरचा आकडा धरून तेवढेच पैसे घेऊन जाऊ नका. आदल्या दिवशी शाखेतून ‘अमुक तारखेला बंद करायची रक्कम’ लेखी किंवा ईमेलवर मागा. काही हजार कमी पडले म्हणून पाटल्या न घेता परत यावं लागलं, असं सर्रास घडतं.

इतर वाचकांसाठी एक फरक सांगायला हवा. सगळ्या ठिकाणी आउटस्टँडिंगचा अर्थ हाच नसतो. काही कर्जदात्या कंपन्या व्याज मुद्दलात न मिसळता वेगळ्या रकान्यात ठेवतात. तिथे आउटस्टँडिंगपुढे फक्त मुद्दल दिसतं आणि व्याज ‘ॲक्रूड’ या नावाखाली दुसरीकडे असतं. काही ठिकाणी सोनं तपासणीचं शुल्क, प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी सुरुवातीलाच कर्जखात्यात टाकतात, मग त्यावरही व्याज चढतं. ओळखायची खूण सोपी आहे. उताऱ्याच्या पहिल्या दिवशी कर्जाच्या रकमेव्यतिरिक्त आणखी कुठली डेबिट नोंद आहे का, ते बघायचं. तुमच्या उताऱ्यात तशी नोंद नाही.

आणि ज्यांचं कर्ज टप्प्याटप्प्याच्या व्याजदराचं आहे, त्यांनी अधिक सावध राहावं. अशा योजनेत जाहिरातीतला कमी दर हा दर महिन्याला व्याज भरणाऱ्यासाठी असतो. महिना चुकला की वरचा दर लागतो, आणि काही योजनांमध्ये तो चुकलेल्या दिवसापासून न लागता शेवटच्या भरण्यापासून किंवा थेट पहिल्या दिवसापासून मोजतात. तसं असेल तर घरी केलेला हिशेब कंपनीच्या आकड्याशी कधीच जुळणार नाही. कर्ज देताना मिळालेल्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ या कर्जाच्या अटींच्या पत्रकात हे टप्पे लिहिलेले असायला हवेत. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना हे पत्रक देणं बंधनकारक आहे. नसेल तर मागून घ्या.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. १० जूनला तुमची देय रक्कम काय असेल? मे महिन्याचं पूर्ण व्याज १,५७८ आणि जूनच्या ९ दिवसांचं ४६२ धरलं तर २,०८,४४४. म्हणजे २ लाख मुद्दल आणि ८,४४४ व्याज. पुढचा सगळा निर्णय या ८,४४४ भोवती फिरतो.

रिन्यू करणं म्हणजे जुन्या कर्जाची तारीख पुढे ढकलणं, असं काउंटरवर वाटतं. कागदोपत्री जुनं खातं बंद होतं आणि त्याच सोन्यावर नवीन कर्ज उघडतं: नवा खाते क्रमांक, नवा व्याजदर, नवी मुदत, नवं मूल्यांकन. ‘एक रुपया भरायला नको’ म्हणतात तेव्हा नव्या कर्जातूनच जुनं खातं मिटवलं जातं. मग नवं मुद्दल २,०८,४४४ होतं आणि गेल्या वर्षीचं व्याज कायमचं मुद्दलात मुरतं. दरवर्षी असंच करत गेलात तर तीन-चार वर्षांत सोन्याच्या किमतीचा मोठा भाग नुसत्या व्याजात गेलेला असेल आणि सोडवायला लागणारी रक्कम मूळ कर्जाहून बरीच मोठी झालेली असेल.

‘वरून पैसे मिळतील’ हे सोन्याचा भाव वाढला म्हणून बोललं जातंय. समजा, तुम्ही नवं कर्ज २,५०,००० चं केलंत. हातात ५०,००० येतील असं वाटतं, पण त्यातले ८,४४४ जुन्या व्याजात वळतील. उरतील ४१,५५६, आणि त्यातूनही तपासणी व प्रोसेसिंगचं शुल्क जाईल. वर्षाने, त्याच ९ टक्के दराने, एकदम भरावे लागतील सुमारे २ लाख ७३ हजार. ४१ हजारांची खरंच गरज आहे का, हा प्रश्न काउंटरवर नव्हे तर घरी बसून सोडवायचा.

इथे नियमही तुमच्या बाजूने आहे. गोल्ड लोनबद्दल रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी निर्देश काढले आणि कर्जदात्यांना ते अमलात आणायला १ एप्रिल २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यानुसार घरगुती गरजेसाठीच्या बुलेट कर्जाची मुदत १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्याचं नूतनीकरण करता येतं, पण साचलेलं व्याज भरल्यानंतरच. शिवाय कर्जदाराने रीतसर मागणी करायला हवी, खातं अनुत्पादक, म्हणजे ९० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं, नसावं आणि सोन्याच्या किमतीच्या प्रमाणात कर्जाची मर्यादा ओलांडली जाऊ नये. ही मर्यादा अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के आहे. बुलेट कर्जात ती हातात मिळालेल्या रकमेवर न मोजता मुदतीअखेर भरायच्या एकूण रकमेवर मोजायची असते. तुमचं नूतनीकरण जूनमध्ये होणार, म्हणजे ते याच नियमांखाली येईल. तेव्हा ‘काही भरायला नको’ असं पुन्हा कुणी म्हणालं, तर शांतपणे विचारा: ‘जुनं व्याज कुठून भरलं जाणार, ते मला लिहून द्याल का?’

बहिणीकडून दोन लाख आठ हजार उसने घेऊन सोनं सोडवायचा विचार मनाला हलकं करणारा आहे, हे समजतं. पण ऑगस्टमध्ये तुमच्याकडे सव्वा लाखच येणार आहेत. उरलेले ८३ हजार बहिणीचे किती महिने अडकतील, याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. ते उत्तर तुमच्याकडे असेल आणि बहिणीला चालत असेल तर जरूर सोडवा. नसेल तर मधला रस्ता जास्त सोयीचा वाटतो: बहिणीकडून फक्त व्याजापुरते, शुल्क धरून नऊ-दहा हजार घ्या, १० जूनच्या आत व्याज भरा आणि मूळ २ लाखांवरच नूतनीकरण करा.

मग ऑगस्टमध्ये भिशी मिळाली की ती कर्जखात्यात भरा. बुलेट कर्ज म्हणजे मुदतीआधी भरता येत नाही असं नसतं, तुम्ही फेब्रुवारीत भरलेच होतेत. १० जून ते १० ऑगस्ट या ६१ दिवसांचं २ लाखांवरचं व्याज होईल साधारण ३,००० रुपये. सव्वा लाख भरल्यावर तेवढे व्याजात जातील आणि जवळजवळ १,२२,००० मुद्दलातून कमी होतील. उरेल साधारण ७८,०००. हेच सव्वा लाख ‘कर्ज तर पुढच्या जूनला भरायचंय’ म्हणून बचत खात्यात ठेवलेत, तर त्या दहा महिन्यांत त्यांच्यावर कर्जाचं सुमारे ९,७०० रुपये व्याज जास्त जाईल. बचत खात्यातून त्याचा लहानसा तुकडाच परत मिळेल.

दर महिन्याला व्याज भरायची योजना घ्यावी का, असंही काही वाचक विचारतात. २ लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याला १,५०० रुपये भरत गेलं तर वर्षात १८,००० होतात. बुलेटमध्ये महिन्याला चढत गेलं तर १८,७६१. फरक ७६१ रुपयांचाच आहे. त्यामुळे बचतीसाठी नव्हे, पण जूनमध्ये एकदम मोठी रक्कम उभी करायला लागू नये म्हणून ती योजना चांगली. महिन्याचं उत्पन्न ठरलेलं असेल तर नूतनीकरणाच्या वेळी मागून बघा. मात्र त्यात एखादं व्याज चुकलं की ते लगेच थकीत धरलं जातं, बुलेटसारखी वर्षभराची मोकळीक नसते.

नूतनीकरणाला स्वतः जा, दागिने ठेवताना घेतलेली तारण पावती बरोबर घ्या. सोन्याची तपासणी तुमच्यासमोर व्हायला हवी. पाकीट उघडल्यावर दोन वजनं लिहिली जातील: एकूण वजन आणि निव्वळ वजन. मंगळसूत्रातले काळे मणी, दोरा, लाख किंवा खडे यांचं वजन वजा करून जे उरतं ते निव्वळ, आणि किंमत फक्त त्याचीच धरतात. गेल्या वर्षीच्या पावतीवरच्या निव्वळ वजनाशी हे ताडून बघा. दागिना तोच असेल तर वजनही तेच असायला हवं, फरक आला तर सही करण्याआधी कारण विचारा. भाव मागच्या ३० दिवसांच्या सरासरी बंद भावापैकी आणि आदल्या दिवशीच्या बंद भावापैकी जो कमी असेल तो लागतो. म्हणून झवेरी बाजारातला त्या दिवसाचा भाव आणि बँकेचा भाव जुळत नाही म्हणून अस्वस्थ होऊ नका.

नवीन कागदांवर तीन गोष्टी नक्की बघा. मुद्दल २,००,००० च आहे ना. मुदतीआधी थोडी थोडी रक्कम भरली तर काही शुल्क किंवा किमान व्याजाची अट आहे का, कारण ऑगस्टमध्ये तुम्ही भरणारच आहात. आणि नवी देय तारीख कोणती, ती तुमच्या फोनमध्ये एक महिना आधीच्या आठवणीसह टाकून ठेवा. चार दिवसांनी जुन्या खात्याचा उतारा पुन्हा काढा, शेवटची शिल्लक शून्य दिसली पाहिजे. तिथे शंभर-दोनशे रुपये राहिले तरी पुढे ते थकीत दाखवले जातात आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये चढतात.

१० जून मात्र चुकवू नका. तारीख उलटली की दंडात्मक शुल्क लागू शकतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते व्याजदरात मिसळून लावता येत नाही, त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही आणि त्यावर जीएसटीही नाही. उताऱ्यात ते स्वतंत्र ओळीत दिसलं पाहिजे. खातं ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की अनुत्पादक ठरतं, आणि मग नूतनीकरणाचा रस्ताही बंद होतो.

शाखेकडून आकड्यांचा खुलासा मिळाला नाही, तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही. तक्रारीत ‘जास्त पैसे घेतले’ एवढंच लिहू नका. कुठल्या महिन्याचं व्याज किती असायला हवं होतं आणि किती लावलं, हे वरच्या सूत्राने काढून त्या ओळीसह उतारा जोडा.